अंधुक प्रोजेक्टरसाठी स्लाइड्सचे रंग बदलले: प्रकल्प नोंदी

'हृदय आणि रक्ताभिसरण' या पाठाच्या माझ्या ४२ स्लाइड्स आहेत. गडद निळी पार्श्वभूमी, पिवळी शीर्षकं, फिकट करडा मजकूर. लॅपटॉपवर त्या सुरेख दिसतात. वर्गातला प्रोजेक्टर मात्र जुना आहे आणि मुलं वहीत लिहून घेतात, म्हणून दिवे चालू ठेवावेच लागतात. सगळे दिवे एकाच बटणावर असल्यामुळे फक्त पुढचे बंद करायची सोय नाही. नवा प्रोजेक्टर मिळणार नव्हता, त्यामुळे हातात होते ते फक्त रंग. हे काम कुणाला करायचं असेल तर माझ्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या.

३ नोव्हेंबर

आज वर्गात जे घडलं त्यामुळेच हे काम हाती घेतलं. हृदयाच्या आकृतीत ऑक्सिजनयुक्त रक्त लाल आणि ऑक्सिजनविरहित रक्त निळं दाखवलं आहे. उजव्या निलयातून फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळी आहे, आणि त्या पाठाचं मर्म तिथेच आहे: धमनी असूनही तिच्यातलं रक्त ऑक्सिजनविरहित असतं. मी तिच्यावर बोट ठेवलं, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, ही पण लालच आहे ना?" मी मागे जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिथून दोन्ही रंग सारखेच मातकट, काळपट दिसत होते. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तासानंतर प्रोजेक्टरचा धूळ अडवणारा फिल्टर काढून झटकला. मेनूत Eco मोड चालू होता, तो बंद केला. प्रकाश नजरेला जाणवेल इतका वाढला. पंख्याचा आवाजही वाढला आणि दिव्याचं आयुष्य यात कमी होणार, हे माहीत आहे. रंगांना हात लावण्याआधी हे दोन उपाय करून घ्यावेत, नाहीतर पुढची सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात.

४ नोव्हेंबर

घाईत चुकीच्या दिशेने गेले. वाटलं, पार्श्वभूमी अजून गडद केली की अक्षरं उठून दिसतील. निळ्याच्या जागी पूर्ण काळा घातला, मजकूर पांढरा केला आणि शीर्षकं भडक पिवळी, `#FFFF00`. कॉन्ट्रास्ट तपासणाऱ्या साधनात पिवळा-काळा ही जोडी टाकली तर १९.५६ : १ असं उत्तर आलं. वाचनीयतेसाठी ४.५ : १ पुरेसं मानतात, त्यामुळे मी निर्धास्त झाले आणि दीड तास खर्च करून सगळ्या स्लाइड्स बदलल्या.

पडद्यावर काळा रंग करडा दिसला आणि पिवळा मोहरीसारखा. कारण आता उघड वाटतं. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही, तो तिथे फक्त प्रकाश टाकायचं थांबतो. दिवे चालू असताना पडदा जितका उजळ असतो, तितकाच तुमचा 'काळा' उजळ. वर्गातला प्रकाश प्रत्येक रंगात सारखाच मिसळतो, पण त्याने सगळ्यात जास्त बिघडतो तो गडद रंग. कॉन्ट्रास्टचं साधन हा मिसळणारा प्रकाश अगदी थोडा धरतं, पांढऱ्याच्या एक-विसांश. माझ्या वर्गात तो त्याच्या कितीतरी पट निघाला.

पण पिवळ्याचं मोहरी का झालं, हे एवढ्यावरून उलगडत नव्हतं.

६ नोव्हेंबर

आजचा दिवस मापांचा. फोनमध्ये प्रकाश मोजणारं साधं ॲप घेतलं. ते लक्समध्ये आकडा दाखवतं. आकडा अचूक नसेल, पण आपल्याला एका मापाची दुसऱ्याशी तुलना करायची आहे, त्याला तो पुरतो.

अख्खी स्लाइड एकाच रंगाची, अशा सहा स्लाइड्स केल्या: काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी, पिवळी. पडद्याच्या मधोमध कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि प्रत्येक वेळी फोन त्याच जागी, पडद्याला पाठ टेकवून धरला. फोनचा प्रकाश मोजणारा भाग पुढच्या बाजूला, वरच्या कडेला असतो, म्हणून स्क्रीन प्रोजेक्टरकडे हवी. पहिली सगळी मापं मला टाकून द्यावी लागली, कारण माझी सावली त्यावर पडत होती. बाजूला उभं राहून हात लांब केला आणि पुन्हा मोजलं. आकडा हलत राहतो, म्हणून पाच-सहा सेकंद थांबून मधला आकडा घेतला. दिवे चालू, खिडक्यांचे पडदे ओढलेले, म्हणजे रोजच्या तासाला असते तशीच स्थिती.

काळी १२०, पांढरी ४२०, लाल १५०, हिरवी २२५, निळी १३५, पिवळी २५५.

पांढऱ्याला काळ्याने भागलं की ३.५ येतात. माझ्या वर्गात याहून जास्त कॉन्ट्रास्ट कोणत्याही दोन रंगांत मिळूच शकत नाही. लॅपटॉपवरचे १९ इथे साडेतीनात कोंबायचे आहेत.

आता मोहरीचं कोडं. प्रत्येक आकड्यातून वर्गाचा प्रकाश, म्हणजे काळ्याचे १२०, वजा केले. पांढऱ्याचे ३०० उरले. लालचे ३०, हिरव्याचे १०५, निळ्याचे १५. या तिघांची बेरीज १५०. लाल, हिरवा आणि निळा मिळून पांढरा होतो, मग बेरीज ३०० यायला हवी होती. ती बरोबर निम्मी आली.

एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये प्रकाशासमोर रंगीत काचांचं चक्र फिरत असतं. पुष्कळ यंत्रांत त्या चक्रात लाल, हिरव्या, निळ्या काचांबरोबर एक रंगहीन भागही असतो. पांढरं दाखवायचं असेल तेव्हा तो भाग जादा प्रकाश सोडतो, पण शुद्ध रंगाच्या वेळी त्याचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून पांढरा झगझगीत आणि त्याच्या शेजारी बाकीचे रंग मंद. काळ्यावरचा माझा पिवळा २५५ भागिले १२०, म्हणजे जेमतेम २.१ होता. साधनाने सांगितलेले १९.५६ आणि पडद्यावरचे २.१!

ही बेरजेची चाचणी प्रत्येकाने आधी करावी असं मला मनापासून वाटतं. दहा मिनिटं लागतात. बेरीज पांढऱ्याच्या जवळपास आली तर तुमचे रंग शाबूत आहेत आणि गडद पार्श्वभूमीवर उजळ रंगीत अक्षरंही चालतील. बेरीज बरीच कमी आली तर रंगीत अक्षरांसाठी पांढरी पार्श्वभूमी घ्या. पांढऱ्यावर रंग मंद असणं उलट फायद्याचं ठरतं: लाल ४२० भागिले १५०, म्हणजे २.८. निळा ३.१.

याच मापांत त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही होतं. लाल १५०, निळा १३५. दोघांतला फरक १.१ : १. मागच्या बाकावरून तो दिसणार तरी कसा?

मेनूतला चित्रपटासाठीचा मोडही पाहिला. त्यात रंगांची बेरीज पांढऱ्याला जवळजवळ जुळते, पण ती पांढरा खाली ओढून. पांढरी स्लाइड २९० वर आली, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातच २.४ उरले. तो मोड सोडून दिला.

७ नोव्हेंबर

साडेतीन एवढीच जागा असेल तर तिच्यात रंगांच्या पायऱ्या किती बसतील? पांढरा ४२० आणि काळा १२० यांच्या मधोमध, दोघांपासून सारख्या अंतरावर बसेल असा एक करडा शोधला. `#A0A0A0` ला सुमारे २२५ मिळाले. वरचा टप्पा १.९, खालचाही १.९. चौथी पायरी घालून पाहिली तर शेजारच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या. तेव्हा ठरलं: पांढरा, एक मधला करडा आणि 'गडद'. गडदमध्ये काळा, गडद निळा `#1F3864` आणि गडद लाल `#8B0000` हे तिघं येतात. तिघंही पांढऱ्यावर ३.३ ते ३.५ देतात, त्यामुळे मजकुराला कुठलाही चालतो. पण त्यांच्या आपापसातल्या फरकावर कोणताही अर्थ सोपवायचा नाही.

फिकट गुलाबी, फिकट आकाशी असे चौकोन मला फार आवडतात. ते सगळे काढावे लागणार, कारण पांढऱ्यावर ते दिसतच नाहीत.

८ नोव्हेंबर

४ तारखेची काळी-पिवळी आवृत्ती सोडून दिली आणि मूळच्या निळ्या फाइलमध्ये प्रत्यक्ष रंग बदलले. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया गेला.

पॉवरपॉइंटमध्ये View, मग Slide Master, मग Colors, तिथे Customize Colors. नवा संच केला: मजकूर काळा, पार्श्वभूमी पांढरी, Accent 1 गडद निळा, Accent 2 गडद लाल, Accent 3 मधला करडा. मास्टरची पार्श्वभूमी छटांची होती, ती साधी पांढरी केली. परत आले तर बऱ्याच स्लाइड्स जुन्याच रंगात. त्याची दोन कारणं निघाली. एक, मास्टरखालच्या तीन लेआउट्सना स्वतःची वेगळी निळी पार्श्वभूमी होती. ती एकेक करून काढली. दुसरं जास्त किचकट: गेल्या काही वर्षांत मी शीर्षकांचे आणि शब्दांचे रंग रंगपेटीच्या Standard Colors मधून दिले होते. असे रंग थीमला बांधलेले नसतात, थीम बदलली तरी ते जागचे हलत नाहीत.

४२ स्लाइड्समधले असे शब्द एकेक शोधण्यापेक्षा फाइल उघडून पाहिली. `.pptx` ही खरं तर झिप फाइल असते. शाळेच्या लिनक्स संगणकावर आधी प्रत काढून ठेवली आणि मग कोणता पक्का रंग किती वेळा आला आहे ते मोजलं:

```
unzip -q hruday.pptx -d hruday
grep -oh 'srgbClr val="[0-9A-Fa-f]*"' hruday/ppt/slides/*.xml | sort | uniq -c | sort -rn
```

`FFC000` हा पिवळा ११८ वेळा. तो थीमच्या दुसऱ्या रंगाला बांधला, म्हणजे पुढे थीम बदलली की तोही आपोआप बदलेल:

```
sed -i 's|<a:srgbClr val="FFC000"/>|<a:schemeClr val="accent2"/>|g' hruday/ppt/slides/*.xml
cd hruday && zip -q -r ../hruday-nava.pptx .
```

पहिल्यांदा मी `hruday` हे फोल्डरच झिप केलं, तर पॉवरपॉइंट फाइल दुरुस्त करायला मागू लागलं. फोल्डरच्या आत जाऊन झिप करायला हवं.

फाइल उघडली आणि दुसरी चूक समोर आली. तोच पिवळा मी सहा स्लाइड्सवर 'लक्षात ठेवा' या चौकोनांत भरला होता, आतली अक्षरं काळी. आता चौकोन गडद लाल, त्यावर काळी अक्षरं, आणि काहीही वाचता येत नव्हतं. एकच रंग कुठे अक्षरांना असतो, कुठे पार्श्वभूमीला, हे आधी पाहिलंच नव्हतं. ते सहा चौकोन हाताने बदलले: आत पांढरं, भोवती ३ पॉइंटची काळी कड. बदलण्याआधी स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या स्लाइड्स एकदा नजरेखालून घातल्या असत्या तर हा पाऊण तास वाचला असता.

तिसरी अडचण चित्रांची. झडपांच्या दोन चित्रांची पार्श्वभूमी पारदर्शक होती आणि नावं पांढऱ्या अक्षरांत. पांढऱ्या स्लाइडवर नावं नाहीशी झाली. चित्रातली अक्षरं थीमने बदलत नाहीत. नावांच्या जागी नव्या मजकूरपेट्या ठेवल्या.

एकूण साडेचार तास. त्यातले दोन तरी चुका निस्तरण्यात गेले.

१० नोव्हेंबर

आज फक्त हृदयाची आकृती.

लाल आणि निळ्यातला फरक उजळपणाने दाखवायचा होता. आधी निळा गडद ठेवून लाल उजळ करून पाहिला, नारिंगीकडे झुकणारा. त्याचं माप १६१ आलं, गडद निळ्याचं १२७. फरक १.२७, मागून दिसणार नाही इतका. मग लालमध्ये पांढरा मिसळत गेले. फरक वाढला, पण गुलाबी होता होता तो पार्श्वभूमीतच विरघळला. या प्रोजेक्टरवर गडद निळ्यापासून लांब आणि पांढऱ्यापासूनही लांब असा लाल जवळजवळ नाहीच, हे मान्य करायला तास गेला.

मग मार्ग बदलला. ऑक्सिजनविरहित रक्त वाहणाऱ्या वाहिन्या गडद निळ्याने पूर्ण भरल्या, आत पांढरे बाण. ऑक्सिजनयुक्त रक्ताच्या वाहिन्या आतून पांढऱ्या, भोवती ६ पॉइंटची गडद लाल कड, आत लाल बाण. भरलेली आणि पोकळ यांच्यात फरक ३.३ : १. हृदयाच्या भिंतीचा स्नायू मधल्या करड्यात. रंग अजिबात न दिसले तरी आकृती वाचता येते. लाल-हिरवा नीट न ओळखणारं मूल वर्गात असलं तरी त्याचंही अडत नाही. कोपऱ्यात दोन छोटे नमुने काढून लिहिलं: 'भरलेली: ऑक्सिजनविरहित', 'पोकळ: ऑक्सिजनयुक्त'.

फुप्फुसाकडे जाणारी धमनी आता भरलेली आहे आणि महाधमनी पोकळ. दोन्ही हृदयातून बाहेर पडतात, आणि त्यांच्यातला फरक नजरेत भरतो.

१२ नोव्हेंबर

वर्गात पहिला प्रयोग. मजकूर स्पष्ट झाला होता, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तास संपल्यावर वह्या पाहिल्या. मागच्या दोन बाकांवरच्या तीन वह्यांत 'शिरांमधून' ऐवजी 'शिरामधून' लिहिलेलं. अनुस्वार दिसलाच नव्हता.

जुन्या भिंगातून पांढरा प्रकाश किंचित पसरतो. काळ्यावर पांढरं लिहिलं की अक्षरं त्यामुळे जाड होतात, पांढऱ्यावर काळं लिहिलं की तोच प्रकाश अक्षरांच्या कडा खातो. अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि उकाराची शेपटी सगळ्यात आधी जातात. पार्श्वभूमी पांढरी करताना फॉन्टचं वजन वाढवायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

१८ पॉइंटचा मजकूर ठळक करून पाहिला. अनुस्वार दिसला, पण 'रक्त' मधला 'क्त' आतून भरून गेला. जाडी वाढवायची तर आकारही वाढवावा लागतो. शेवटी मजकूर २८ पॉइंट ठळक, आकृतीतली नावं २४ पॉइंट ठळक, आणि ओळींमधलं अंतर थोडं मोकळं, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटणार नाहीत. त्यामुळे पाच स्लाइड्सवरचा मजकूर मावेना. अक्षरं लहान करण्याऐवजी स्लाइड्स दोनात विभागल्या. आता ४७ आहेत. दोन तास लागले.

१४ नोव्हेंबर

दुसरा प्रयोग, दुसऱ्या तुकडीवर. शेवटच्या बाकावरच्या मुलाला मुद्दाम विचारलं, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत कसलं रक्त? त्याने आकृतीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या नमुन्याकडे, आणि म्हणाला, "भरलेली आहे, म्हणजे ऑक्सिजन नसलेलं." वह्यांत अनुस्वार जागच्या जागी होते.

दुपारी ऊन खिडकीतून थेट पडद्यावर येतं, तेव्हाही मोजून ठेवलं. काळी स्लाइड ४०० आणि पांढरी ७००, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातच १.७५ राहतात. तिथे कोणत्याही रंगाने काही साधत नाही. त्या वेळच्या तासांना आकृती फळ्यावर काढते आणि स्लाइड्स सकाळच्या तुकड्यांसाठी ठेवते.

पूर्ण हिशोब: सुमारे साडेदहा तास, त्यातले साडेचार वाया. पैसा खर्च झाला नाही. सहा रंगांच्या मापाच्या स्लाइड्स आणि रंगांचा नवा संच वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे. पुढचा पाठ पचनसंस्थेचा, त्यात यकृत, जठर आणि स्वादुपिंड तीन वेगवेगळ्या तपकिरी छटांत आहेत. त्यांचं माप सोमवारी घेणार आहे.